झोपेची रोजकीर्द

साठी उलटलेली दोन माणसं सकाळी बागेतल्या बाकावर भेटली की पहिली पाच मिनिटं, कुणाला किती वाजता जाग आली, या हिशेबात जातात. "आज साडेतीनलाच डोळे टक्क उघडले," असं एक जण म्हणतो, आणि त्यात जितकी तक्रार असते तितकाच किंचित अभिमानही असतो. "आमची झोप म्हणजे तीनपर्यंतच, पुढे नुसती कूस बदलायची," असं म्हणून दुसरा अर्ध्या तासाने कुरघोडी करतो. इतका वेळ बुटाची नाडी बांधत असलेले तिसरे गृहस्थ वर न बघताच "मी तर काल झोपलोच नाही" असं सांगून स्पर्धा संपवून टाकतात. रात्रभर त्यांचं घोरणं ऐकलेली त्यांची पत्नी पलीकडच्याच बाकावर असते, पण ती काही बोलत नाही. संसाराला चाळीस वर्षं झाली की हाती असलेले सगळे पुरावे सादर करायचे नसतात, हे तिला कळून चुकलेलं असतं.

एके काळी ह्याच माणसांना झोप कुठेही गाठायची. लग्नघरात माजघरातल्या गाद्यांच्या ढिगावर पाच-सहा पोरं वेडीवाकडी पसरलेली असायची, दारात बँड वाजायचा, कुणीतरी आत्या हरवलेल्या नथीसाठी त्याच गाद्या उपसायची, तरी एका पोराची पापणी हलायची नाही. एसटीच्या खिडकीच्या गजावर डोकं आपटत आपटत अख्खा घाट उतरला जायचा. रात्रीच्या खेळाला सिनेमागृहात झोपलेलं मूल सकाळी घरच्या अंथरुणात जागं व्हायचं आणि मधला प्रवास त्याच्या आयुष्यातून कायमचा वगळला जायचा. आज तेच मूल अडुसष्ट वर्षांचं आहे. स्वयंपाकघरात फ्रिजची मोटर बंद पडली तरी ते दचकून उठतं. आवाज झाला म्हणून नव्हे, आवाज थांबला म्हणून.

हा फरक कशाने पडतो हे बघायचं तर रात्रीच्या पोटात शिरायला हवं. झोप ही सलग, एकसारखी गोष्ट नसतेच. साधारण नव्वद मिनिटांचा एक फेरा, असे चार-पाच फेरे मिळून रात्र होते. प्रत्येक फेऱ्यात आपण उथळ झोपेतून गाढ झोपेत उतरतो, पुन्हा वर येतो, थोडा वेळ स्वप्नं बघतो आणि पुढचा फेरा धरतो. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात संपून जातो, पहाटेकडे स्वप्नांची आणि उथळ झोपेची वस्ती वाढते. म्हणून जाग येते ती बहुधा उत्तररात्री, झोपेचं पाणी जिथे मुळातच घोट्याएवढं असतं तिथे. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला तर गाढ झोपेत कागदावर उंच, संथ लाटा दिसतात, सेकंदाला एखाद-दुसरी. तारुण्यात त्या लाटा बघाव्यात अशा असतात. वय वाढतं तशी त्यांची उंची उतरत जाते, आणि त्यांच्यासोबत, बाहेरच्या जगाला "नंतर या" म्हणून परत पाठवण्याची मेंदूची ताकदही.

ह्या उंचीची एक गंमत आहे. १९६८ साली ॲलन रेक्टशाफन आणि अँथनी केल्स ह्या दोन संशोधकांनी झोपेचे टप्पे मोजण्याची नियमावली तयार केली. तिच्यात असं ठरलं की गाढ झोपेची लाट म्हणून मोजायची तर ती माथ्यापासून तळापर्यंत किमान ७५ मायक्रोव्होल्ट भरली पाहिजे. पोलीस भरतीला छाती-उंचीची अट असते, तशी ही लाटांची भरती. पंचविशीतल्या लाटा सहज निवडल्या जातात. सत्तरीतल्या लाटा त्याच चालीने, त्याच शिस्तीत येतात, पण सत्तर मायक्रोव्होल्ट भरल्या म्हणून बाहेर ठेवल्या जातात. २००७ साली नवी नियमावली आली, तरी ही अट वयानुसार सैल झाली नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या अहवालात गाढ झोप जवळजवळ शून्य दिसली, तर त्यात खरी घट असतेच, पण थोडा दोष मोजपट्टीचाही असतो. निवृत्तीनंतर आपण बऱ्याच याद्यांतून वगळले जातो. आपल्या लाटाही वगळल्या जातात, हे मात्र ठाऊक नव्हतं.

आणि ही घट साठीत होते असंही नाही. २००० साली एव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा ते पंचवीस ह्या वयात एकूण झोपेपैकी सुमारे १९ टक्के झोप गाढ होती, आणि छत्तीस ते पन्नास ह्या वयात ती साडेतीन टक्क्यांच्याही खाली आली होती. म्हणजे चोरी झाली चाळिशीच्या आसपास, आणि फिर्याद नोंदवली जाते साठीनंतर. चाळिशीत घराचे हप्ते, पोरांच्या शाळा, आईचा मोतीबिंदू ह्यांच्या गर्दीत तिजोरी उघडून बघायला सवड कुणाला होती? पाठ टेकली की डोळा लागायचा, कारण माणूस दमलेला असायचा. सवड मिळाली तेव्हा उघडून पाहिलं आणि एकदम ओरडलो. २००४ साली मॉरिस ओहायन आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांपासून एकशे दोन वर्षांच्या वृद्धांपर्यंतच्या झोपेची मोजमापं एकत्र केली, तीही हेच सांगतात: प्रौढपणी झोप हळूहळू कमी होत जाते, मधल्या जागा वाढत जातात, पण निरोगी माणसाच्या बाबतीत साठीनंतर हा उतार बराचसा थांबतो. एकच गोष्ट पुढेही घसरत राहते, ती म्हणजे अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेत किती गेला, त्याचं प्रमाण.

मग झोप टिकत का नाही? मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, मूठभरसुद्धा म्हणता येणार नाही इतक्या पेशींचा एक पुंजका आहे. जागेपणाची केंद्रं दाबून धरणं हे त्याचं काम. ह्या पेशी वयानुसार कमी होतात. बोस्टनच्या क्लिफर्ड सेपर ह्यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की ज्या वृद्धांच्या मेंदूत ह्या पेशी कमी उरल्या होत्या, त्यांची झोप हयातीत जास्त तुकड्यातुकड्यांची होती. त्या मंडळींनी जिवंतपणी मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं आणि मरणोत्तर मेंदू अभ्यासाला दिला होता, म्हणून हे दोन हिशेब एकमेकांशी ताडून बघता आले. आयुष्यभर झोपेच्या तक्रारी सांगून शेवटी त्यांचा पुरावाही स्वतःच देऊन जाणाऱ्या त्या म्हाताऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो. झोप लागण्याची कला, त्या मानाने, शाबूत राहते. निरोगी वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक वेळा जाग येते, पण परत झोप लागायला ते तरुणांहून जास्त वेळ घेत नाहीत, असं २००४च्याच एका अभ्यासात दिसलं. दार सारखं उघडतं, पण लोटलं की मिटतं. फक्त ते उघडल्याबद्दल उठून बसायचं नाही, घड्याळ बघायचं नाही आणि "आता कसली झोप लागणार" हे वाक्य मनात म्हणायचं नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. भिंतीवरच्या नव्हे, डोळ्यांच्या मागे मेंदूत बसलेल्या सुमारे वीस हजार पेशींच्या घड्याळाची. वयानुसार हे घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी साडेसातलाच डोळे पेंगुळतात आणि चारला पहाट होते. घड्याळ लावायचं काम उजेडाचं, त्यातही निळ्या उजेडाचं; पण डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षांत पिवळट होत जातं, जुन्या पुस्तकाच्या पानांसारखं, आणि निळा उजेड वाटेतच गाळून टाकतं. त्यात निवृत्त माणूस दिवसभर घरात, पंख्याखाली, पडदे ओढून. मेंदूला दिवस नीट दिवसासारखा दिसत नाही, मग रात्रही रात्रीसारखी वाटत नाही. आमच्या आजोळी कार्तिकात काकडआरतीला देऊळ भरायचं ते सगळं पिकल्या केसांनी. लहानपणी मला ती भक्तीची कमाल वाटायची. भक्ती होतीच, पण चारला जाग आलेल्या इतक्या माणसांना त्या वेळी जायला एक जागा होती, आणि तिथे टाळ होते, उजेड होता, ओळखीची माणसं होती. जाग आली म्हणून डॉक्टरकडे जायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या आप्पांना मात्र ते सांगितलं गेलं होतं. आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ, वय वर्षं एकाहत्तर, सगळी नोकरी बँकेत. पै न पै जुळल्याशिवाय काउंटरवरून न उठणारा माणूस. झोप लागत नाही म्हटल्यावर त्यांनी तिचीही रोजकीर्द घातली. जुन्या डायरीत उभ्या रेघा मारल्या, डावीकडे 'जमा', उजवीकडे 'खर्च'. जमेला झोप, खर्चाला जाग. रोज सकाळी टोटल, आणि टोटलखाली लाल शाईने तूट. तूट आठ तासांतून काढलेली. आठ तास हा आकडा कुठून आणला, असं विचारलं तर म्हणाले, "तो सगळ्यांनाच माहीत असतो." आमची भाची डॉक्टर आहे. तिच्याकडे ही डायरी गेली तेव्हा ती बराच वेळ पानं चाळत होती. पेशंटने इतकी स्वच्छ नोंद ठेवलेली तिने पहिल्यांदाच पाहिली होती म्हणे.

त्यातलं एक पान असं. रात्री नऊला अंथरुणावर. साडेनऊला डोळा लागला. सव्वाबाराला लघवीसाठी जाग, साडेबाराला पुन्हा झोप. दोन चाळीसला जाग. साडेतीनपर्यंत तळमळ, मग चार वीसपर्यंत झोप. तिथून सहापर्यंत छताकडे बघणं. जमा: पावणेसहा तास. तूट: सव्वादोन. भाचीने पेन घेतलं आणि विचारलं, "मामा, दुपारी आडवा होतोस का रे?" आप्पा जरा दुखावलेच. ती वामकुक्षी, ती झोपेत कशी धरायची? जेवण जिरायला डाव्या कुशीवर पडायचं असतं, शास्त्र आहे. तर ती वामकुक्षी सव्वा तासाची निघाली. आणि संध्याकाळी मालिका चालू असताना? "ती नुसती मान पडते," आप्पा म्हणाले. मान वीस मिनिटं पडत होती. पावणेसहा, अधिक सव्वा तास, अधिक वीस मिनिटं, झाले सात तास वीस मिनिटं. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली पासष्टीच्या पुढच्यांसाठी सात ते आठ तास योग्य म्हटले आहेत, आणि काहींना पाच-सहाही पुरू शकतात असंही नोंदवलं आहे. "तुझी तूट नाहीच, मामा," भाची म्हणाली. "रक्कम दोन-तीन खात्यांत पडलीय, एवढंच." उभ्या आयुष्यात कुणी आप्पांची टोटल चुकलेली दाखवली नव्हती. त्यांनी डायरी परत घेतली आणि दोनदा बेरीज करून पाहिली.

खरा घोटाळा दुसऱ्या आकड्यात होता. अंथरुणात नऊ तास, त्यातली झोप पावणेसहा. म्हणजे शंभरातले चौसष्ट. ह्या वयात साधारण ऐंशीच्या आसपास अपेक्षा असते. उरलेले सव्वातीन तास आप्पा झोपेची वाट बघत पडून होते, आणि झोप हे असं पाहुणं आहे की दारात उभं राहून वाट पाहिली की रस्ता बदलतं. शिवाय दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत जो झोपेचा दाब साठतो, तो दुपारच्या आणि मालिकेच्या डुलक्यांत आधीच थोडाथोडा निघून गेलेला असे. रात्र यायची तेव्हा अर्धी भूक भागलेली. लवकर आडवं झालं की जास्त झोप मिळेल हा आप्पांचा हिशेब, आणि मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आडवं व्हायचं. व्याज वसूल होत नाही म्हणून मुद्दल वाढवत नेणारा बँकवाला मी दुसरा पाहिला नाही.

भाचीने उपाय सांगितला तो ऐकून वहिनी चमकल्याच. कमी झोपायचं. निदान कमी वेळ अंथरुणात राहायचं. रोजची सरासरी झोप पावणेसहा तास, त्यात अर्धा तास घालायचा, झाले सव्वासहा. तेव्हा रात्री पावणेअकराच्या आत पाठ टेकायची नाही आणि पहाटे पाचला, झोप झालेली असो वा नसो, उठायचं. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. संध्याकाळी मालिकेऐवजी ऊन असेतो बाहेर फिरायचं, म्हणजे सरकलेलं घड्याळ थोडं मागे येतं. मध्यरात्री जाग आली आणि साधारण वीस मिनिटं (अंदाजानेच, घड्याळ न बघता) झोप आली नाही, तर उठून बाहेर मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. हे औषध कडू आहे आणि सगळ्यांसाठी नाही. फिट्‌सचा आजार असेल, चालताना तोल जात असेल, दिवसा गाडी चालवायची असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, असंही तिने बजावलं. झोपेची गोळी मागितली तर ती द्यायला तयार झाली नाही. ह्या वयात त्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते, रात्री उठल्यावर तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की झोपेचा प्रश्न फारच मागे पडतो. सर्दीची गोळी घेतली की छान झोप लागते म्हणून ती रोज घेणाऱ्यांनाही तिने हटकलं. त्यातल्या काहींनी म्हाताऱ्यांची लघवी अडते आणि डोकं भ्रमिष्टासारखं होतं.

पहिले काही दिवस आप्पांचे हाल झाले. साडेनऊपासून पावणेअकरापर्यंत जागं कसं राहायचं हा मोठाच पेच. त्यांनी चष्म्याच्या सगळ्या जुन्या पेट्या साफ केल्या, पुतण्यांच्या मुंजीच्या पत्रिका तारखेनुसार लावल्या. मग रोजकीर्दीत हळूहळू फरक दिसू लागला. सव्वासहा तासांत साडेपाच तास झोप, शंभरातले अठ्ठ्याऐंशी. हे प्रमाण पंच्याऐंशीच्या वर टिकलं की वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायची असते. असं करत ते सव्वादहा ते पाच ह्या वेळेवर स्थिरावले. झोप सहा तास, वर दुपारचा छोटा तुकडा. मधे एकदा जाग, कधी दोनदा. झोप विशीतली झाली नाही. ती होणार नव्हतीच. पण अंथरुणातली ती लांबलचक, तापलेली, हिशेबी तळमळ गेली. लाल शाईचं पेन त्यांनी नातवाला चित्रं काढायला देऊन टाकलं.

वहिनींची गोष्ट वेगळी. त्या कधी दुपारी आडव्या होत नाहीत, अकराला झोपतात, आणि तरी रोज सकाळी "रात्रभर डोळा नाही" म्हणतात. अभ्यास सांगतात की म्हातारपणी बायकांच्या मेंदूत गाढ झोपेच्या लाटा पुरुषांपेक्षा जास्त शाबूत असतात, आणि झोपेच्या तक्रारी मात्र बायकाच अधिक करतात. यंत्र एक सांगतं, बाई दुसरं. मला दोघंही खरी वाटतात. उथळ झोपेतून उठवलेलं माणूस पुष्कळदा "मी जागाच होतो" असं प्रामाणिकपणे म्हणतं. तेव्हा बाकावरचे ते तिसरे गृहस्थही खोटं बोलत नव्हते. आणि ज्या बाईने तीस-चाळीस वर्षं एक कान पाळण्याकडे, मग उशिरा येणाऱ्या मुलाच्या चावीकडे, मग सासूबाईंच्या खोकल्याकडे ठेवून रात्र काढली, तिच्या झोपेला कुठल्या यंत्राने गाढ म्हणायचं ते म्हणो.

सगळंच वयावर ढकलून मात्र चालत नाही. रात्री एकदा, क्वचित दोनदा लघवीला उठणं ह्या वयात सर्रास असतं. रात्री लघवी धरून ठेवणारं संप्रेरक कमी होतं, आणि दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर वर येतं. पण तीन-चारदा उठावं लागलं तर साखर, प्रोस्टेट, रक्तदाबाच्या गोळीची वेळ हे बघायला हवं; आणि घोरणंही. कारण घोरता घोरता श्वास मधेच थांबत असेल, मग धापेसारखा आवाज करून सुरू होत असेल, तर त्यानेही लघवी वाढते, आणि ही गोष्ट झोपणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. इथे शेजारच्या माणसाने पुरावा सादर करायलाच हवा. पेपर वाचता वाचता दिवसा पुन्हा पुन्हा डुलक्या लागणं, संध्याकाळ झाली की पायांत अशी काही हुळहुळ की पाय हलवल्याशिवाय चैन पडू नये, स्वप्नात लाथा-बुक्क्या मारून अंथरुणातून खाली पडणं, पहाटे जाग येऊन मनावर मळभ दाटणं आणि कशातच राम न वाटणं, ही म्हातारपणाची लक्षणं नाहीत, तपासण्याची आहेत. आणि आठवड्यातून तीन-तीन रात्री, तीन-तीन महिने झोपेची ओढाताण चालली आणि दिवसही त्यात खराब होऊ लागला, तर वयाला बोल लावत बसू नये. सकाळी उठल्यावर माणूस ताजा असेल, दिवस निभत असेल, तर मधल्या दोन जागा खुशाल माफ कराव्यात.

पण निसर्गाने म्हाताऱ्यांची झोपच का विरळ केली असावी? टांझानियात हड्झा नावाचे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून राहतात. डेव्हिड सॅमसन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या तेहतीस प्रौढांच्या मनगटाला यंत्रं बांधून वीस दिवस त्यांची झोप मोजली, आणि २०१७ साली ती प्रसिद्ध केली. एवढ्या सगळ्या रात्रींत ते सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत, असा काळ जमेस धरून फक्त अठरा मिनिटांचा निघाला. तरुण उशिरा झोपत, म्हातारे लवकर उठत, आणि मधे कुणी ना कुणी कूस बदलत असे. पहारा कुणी ठरवून दिला नव्हता, तो वयांच्या फरकाने आपोआप लागत होता. त्यावरून संशोधकांनी असा तर्क मांडला की आजी-आजोबांची हलकी झोप हा बिघाड नसून माणसाच्या टोळीची जुनी राखण असावी. हा तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. तरी आमच्या वाड्यातल्या आजीला मी तो लावून पाहतो आणि तो चपखल बसतो. मांजराने दुधावरचं झाकण सरकवलं, सुनेच्या पोटात दुखलं, नातू झोपेत बरळला, अंगणातल्या बंबाजवळ कुणी अनोळखी पाऊल वाजलं, की आजीचा "कोण रे?" ठरलेला. आम्ही गाद्यांच्या ढिगावर मेल्यासारखे झोपू शकत होतो, कारण ती तशी झोपत नव्हती.

आता वाडा नाही. आप्पांच्या फ्लॅटला तीन कड्या आणि खाली पहारेकरी आहे; राखायला कुणी उरलेलं नाही. मुलगा-सून न्यू जर्सीला. पण आप्पा पाचला उठतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि पाच वर्षांची नात झोपायच्या आधी हट्टाने आजोबांना व्हिडिओ कॉल लावते. दात घासले का, शाळेत कुणाशी भांडलीस, बाबा घरी आला का, असा रोजचा हजेरीपट होतो. भाचीने तेवढं एक बजावून ठेवलंय की उजाडायच्या आत प्रखर दिवे लावायचे नाहीत, नाहीतर घड्याळ आणखी पुढे पळेल. म्हणून आप्पा अंधारातच बसतात, फोनचा उजेडही कमी केलेला. परवा मी मुक्कामाला होतो, चहा टाकायला उठलो तर नातीचा आवाज आला, "आजोबा, दिवा लावा ना, तुम्ही दिसतच नाही!"

"मी तुला दिसलो नाही तरी चालेल," आप्पा म्हणाले, "तू मला दिसतेयस ना, मग झालं. झोप आता."